फोटोवर शेड लावून बघताना ओठ ओठच दिसायला हवेत

लग्नाच्या मेकअपची ट्रायल म्हटलं की लिपस्टिकच्या शेड एकामागून एक लावायच्या आणि पुसायच्या. तीन-चारदा पुसून झालं की ओठ चोळले जाऊन लाल होतात, कडेची कातडीही लालसर होते. त्यानंतर लावलेली कुठलीही शेड खरी दिसत नाही. म्हणून आधी फोटोवर शेड बघायच्या, त्यातल्या दोन-तीनच प्रत्यक्ष लावायच्या, ही पद्धत चांगली. अडचण एवढीच की फोटोवर लावलेली लिपस्टिक बहुतेक वेळा चिकटवलेल्या टिकलीसारखी दिसते आणि आयशॅडो भिंतीला रंग दिल्यासारखी. अशा फोटोवरून नवरीने ‘हा नको’ म्हटलं, तर तिने शेड नाकारली की आपलं काम, हेच कळत नाही.

खऱ्या ओठांवर लिपस्टिक लावल्यावर काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे नीट पाहिलं की रंग चिकटवल्यासारखा का दिसतो ते लक्षात येतं. ओठांचा रंग बदलतो. ओठांवर पडलेला उजेड मात्र तसाच राहतो. उजेड सहसा वरून येतो, म्हणून वरचा ओठ सावलीत असतो आणि खालच्या ओठाचा फुगीर भाग उजळ. उभ्या बारीक सुरकुत्यांत सावली असते, दोन ओठांमधली रेघ सगळ्यात गडद असते आणि खालच्या ओठावर मधोमध पांढरट चमक असते. ती चमक उजेडाच्याच रंगाची असते. मरून लिपस्टिक लावली म्हणून ती मरून होत नाही. फोटोवर ब्रश घेऊन सपाट रंग फिरवला की हे सगळं एका फटक्यात झाकलं जातं. त्यामुळे पुढचं सगळं काम रंग आणि उजेड वेगळे काढून फक्त रंग बदलण्याचं आहे. ते GIMP या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या 2.10 आवृत्तीत कसं करतो, ते एका खऱ्यासारख्या उदाहरणावरून सांगते. चेहरा गव्हाळ, ओठ नैसर्गिक तपकिरी-गुलाबी, लावायची शेड गडद मरून आणि मॅट, डोळ्यांवर तांबूस तपकिरी पावडर आयशॅडो.

फोटो काढण्यातच अर्धं काम असतं. दिवसाउजेडी खिडकीसमोर बसवायचं, पण थेट ऊन चेहऱ्यावर नको. खोलीतले दिवे बंद करायचे, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट येतो. फोनचा मागचा कॅमेरा वापरायचा, ब्यूटी मोड शून्यावर, फ्लॅश बंद. ब्यूटी मोडने त्वचेची छिद्रं एकदा पुसली की ती परत आणता येत नाहीत आणि अशा गुळगुळीत पापणीवर कुठलीही शॅडो लावा, ती रंगच दिसणार. ओठ कोरडे पुसून घ्यायचे, लिप बाम नको, तोंड सहज मिटलेलं हवं. डोळ्यांसाठी दोन फोटो लागतात: एक समोर बघताना आणि एक नजर खाली घेतलेली. समोर बघताना बऱ्याच जणींच्या पापणीची नुसती पट्टीच दिसते, आणि तेवढ्यावरून शॅडो ठरवणं म्हणजे पदर बघून साडी घेणं.

शेडचा रंग कंपनीच्या वेबसाइटवरून उचलू नये. तिथला चौकोन स्टुडिओच्या उजेडातला असतो, शिवाय नंतर उजळवलेलाही असतो. जाड ड्रॉइंगच्या कागदाच्या पट्टीवर लिपस्टिक दोन हात घट्ट लावायची, शेजारी आयशॅडो बोटाने दाबून लावायची, मध्ये कोरा कागद सोडायचा आणि ही पट्टी हनुवटीखाली धरून त्याच फोटोत घ्यायची. चेहरा आणि शेड एकाच उजेडात, एकाच कॅमेऱ्याने आले की निम्मे घोळ संपतात. झेरॉक्सचा कागद टाळलेला बरा. तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात आणि खिडकीच्या उजेडात तो निळसर दिसतो. त्यावरून रंग जुळवला तर चेहरा उगाच पिवळा होतो.

फोटो उघडला की आधी `Image > Precision` मध्ये जाऊन `16 bit integer` करून घ्यायचं. मूळ जेपेगमध्ये जास्त माहिती येत नाही, पण पुढच्या प्रत्येक पायरीत आकडे जवळच्या पूर्णांकावर आणले जाऊन पापणीवर पट्टे पडतात ते टळतात. मग `Colors > Levels` मधल्या राखाडी ड्रॉपरने कोऱ्या कागदावर क्लिक करायचं. कागदाचा पिवळेपणा गेला की त्याच मापाने चेहऱ्यावरचाही गेला. ही दुरुस्ती शेड उचलण्याआधी करायची, नंतर केली तर उचललेला आकडा चुकीचा ठरतो.

आता ओठ. `Paths` टूलने ओठांची बाहेरची कड आखायची. आखताना रेघ कडेच्या किंचित आत ठेवायची, कारण नंतर ती मऊ झाल्यावर बाहेर पसरते. वरच्या ओठाच्या मधल्या दोन उंचवट्यांवर नीट बिंदू द्यायचे. तिथे एकच गोलाई दिली तर ओठांचा आकारच बदलतो आणि घरच्यांना ‘ही आपली पोरगी नाही’ असं वाटतं, का ते मात्र सांगता येत नाही. तोंड थोडं उघडं असेल तर आतली कडही आखून दात वगळायचे. मग `Select > From Path`, आणि त्यानंतर निवडीची कड मऊ करणारं `Select > Feather`. किती फेदर? तोंडाच्या रुंदीच्या साधारण एक टक्का. माझ्या उदाहरणात तोंड ४२० पिक्सेल रुंद आहे, म्हणून ४ पिक्सेल. यामागे एक कारण आहे. फोनचे जेपेग उजळपणा पूर्ण बारकाईने साठवतात, पण रंग सहसा त्याच्या निम्म्या बारकाईने. म्हणजे फोटोतल्या सगळ्याच रंगांच्या कडा आधीच किंचित पसरलेल्या असतात. त्यात आपली एकच कड सुरीने कापल्यासारखी आली की डोळा तिथेच अडकतो. उलट १५-२० पिक्सेल फेदर केला तर जेवण झाल्यावर पसरलेली लिपस्टिक दिसते.

निवड तयार झाली की ती `Select > Save to Channel` करून जपून ठेवायची, पुढच्या प्रत्येक शेडला तीच लागते. मग एक लेयर ग्रुप, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांचा गट, करायचा आणि त्या ग्रुपलाच या निवडीचा मास्क द्यायचा, म्हणजे ग्रुपमधलं काहीही निवडीबाहेर दिसत नाही. ग्रुपमध्ये खालून वर तीन लेयर येतील: पहिला उजळपणाचा, दुसरा रंगाचा, तिसरा चमकेचा. एकच मास्क सगळ्यांना लागू होत असल्याने कड एकदाच दुरुस्त करावी लागते.

इथे बहुतेक जण एक शॉर्टकट घेतात: शेडचा एक लेयर भरायचा आणि त्याचा मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळायची रीत, `Multiply` करायचा. आकड्यांत बघू. ओठांचा सरासरी रंग, लाल-हिरवा-निळा या क्रमाने, (१६०, ९६, ९२) आहे आणि कागदावरची मरून (१२७, ३८, ४६). `Multiply` म्हणजे ढोबळमानाने दोन्हींचा गुणाकार भागिले २५५, म्हणजे जवळपास (८०, १४, १७). हा मरून नाही, करपलेला रंग आहे. कारण गुणाकारात ओठांचा स्वतःचा रंग मोजला जातो, त्यावर पुन्हा लिपस्टिकचा. पातळ टिंटचं खरंच असं होतं, पण मॅट लिपस्टिक ओठांचा रंग झाकते. आपल्याकडे ओठांच्या कडा आणि वरचा ओठ बऱ्याच जणींचा गडद असतो, तिथे तर गुणाकाराने सरळ काळे डाग पडतात.

दुसरा शॉर्टकट म्हणजे मोड `LCh Color` करणं. हा मोड रंगछटा आणि रंगाची तीव्रता वरच्या लेयरमधून घेतो, उजळपणा खालच्या फोटोतून. सावल्या छान टिकतात, म्हणून पहिल्यांदा बघताना जमलं असं वाटतं. पण ओठांचा उजळपणा मरूनपेक्षा जास्त आहे, आणि तो तसाच राहिल्याने मरूनची झाली स्ट्रॉबेरी. `LCh Color` बरोबर आहे, फक्त त्याच्याखाली ओठ आधी योग्य तेवढे गडद करून ठेवायला हवेत. ग्रुपमधला पहिला लेयर त्यासाठीच.

मूळ फोटोची प्रत ग्रुपमध्ये तळाला ठेवायची. `Color Picker` टूलमध्ये सरासरी घेण्याचा पर्याय चालू करायचा, म्हणजे एका पिक्सेलवर भरवसा ठेवावा लागत नाही, आणि त्याच्या माहितीच्या खिडकीत `CIE LAB` निवडायचं. त्यातला `L` हा आकडा उजळपणा सांगतो, ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पांढरा. खालच्या ओठाच्या मधल्या भागात, चमक आणि सुरकुती दोन्ही टाळून, मोजायचं. माझ्या उदाहरणात `L` ४८ येतो. कागदावरच्या मरूनचा येतो ३०. आता तळाच्या लेयरवर `Colors > Exposure` उघडून `Exposure` हळूहळू खाली आणायचं, उणे १.४ च्या आसपास त्याच जागी `L` ३० दिसायला लागतो. तिथे थांबायचं.

यासाठी `Exposure` च का, हा प्रश्न योग्य आहे, कारण `Colors > Hue-Chroma` मध्ये `Lightness` ची सरळ सरकपट्टी आहे. तिने उणे १८ केलं तरी मधला ओठ ३० वर येतोच. फरक सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ जागांवर पडतो. दोन ओठांमधल्या रेघेचा `L` मुळात २२ असेल, तर वजाबाकीने तो ४ होतो, म्हणजे जवळजवळ काळा, आणि तोंडावर पेनाने रेघ मारल्यासारखी दिसते. `Exposure` उजेडालाच एका पटीने कमी करतं, त्यामुळे तीच रेघ साधारण ११ वर राहते. चमकेच्या जागी उलट घडतं: मुळात ६८ असलेली जागा वजाबाकीने ५० वर येते, `Exposure` ने ४४-४५ वर. मॅट लिपस्टिकवर चमक मंदच असते, म्हणून दुसरा आकडा खरा वाटतो. खरा रंगही असाच वागतो. तो येणाऱ्या उजेडातला ठरावीक हिस्साच परत पाठवतो, सावलीतही तेवढाच हिस्सा आणि उजेडातही तेवढाच.

त्यावर दुसरा लेयर, मरूनने भरलेला, मोड `LCh Color`. इथे ओठ पहिल्यांदा मरून दिसतात, पण अजून प्लॅस्टिकचे. कारण सगळ्या ओठभर रंगछटा आता तंतोतंत एक आहे. खऱ्या कातडीवर ती जागोजागी जराशी बदलते, कुठे लालसर, कुठे तपकिरी. रंगाच्या लेयरवर `Filters > Noise > CIE lch Noise` लावायचं. त्यातलं `Lightness` शून्यावर, `Chroma` आणि `Hue` अगदी थोडं, ४-५ च्या आत. मग एक पिक्सेलचा `Gaussian Blur`, म्हणजे दाणे सुटे दिसत नाहीत. हे जास्त झालं तर ओठांवर भुकटी सांडल्यासारखी दिसते. फोटो शंभर टक्क्यांवर बघताना दाणा ओळखू आला तर तो जास्त झाला असं समजायचं.

तिसरा लेयर चमकेचा. मूळ फोटोची आणखी एक प्रत सगळ्यात वर आणायची, `Colors > Desaturate` करून रंग काढायचा आणि `Levels` मध्ये डावीकडचा काळा त्रिकोण ओठांवरच्या चमकेखेरीज सगळं काळं होईपर्यंत उजवीकडे सरकवायचा. इथे तो १०० पैकी ५९ च्या आसपास थांबतो. मोड `Screen`. या लेयरने चमकेला तिचा पांढरेपणा परत मिळतो, जो `LCh Color` ने लालसर करून टाकला होता. मॅटसाठी याची अपारदर्शकता १५ ते २० टक्के पुरे. क्रीम किंवा सॅटिनला ५० ते ६०, ग्लॉसला पूर्ण. एकाच शेडचे मॅट आणि ग्लॉस असे दोन नमुने दाखवायचे असतील तर बाकी काहीही न बदलता हाच एक लेयर कमी-जास्त करायचा. ओठांचा पोत बदलला असं ज्याला म्हणतात, तो या फोटोपुरता चमकेच्या प्रमाणाचाच खेळ असतो. मात्र बाम लावून काढलेल्या फोटोत चमक इतकी पसरलेली असते की त्यावरून मॅट दाखवता येत नाही, म्हणून वर ओठ पुसायला सांगितलं.

शेवटी पूर्ण ग्रुपची अपारदर्शकता ९० टक्क्यांवर आणायची. उरलेल्या दहा टक्क्यांतून मूळ ओठ डोकावतो आणि तेवढ्याने कड जिवंत होते. क्रीम लिपस्टिकला ७५-८०, टिंटला ४०-५०. हे आकडे नजरेने ठरवलेले आहेत, ब्रँडनुसार ते पाच-दहाने हलतात.

न्यूड शेडचं गणित मात्र उलटं असतं. ओठांचा `L` ४० आणि शेडचा ५५ असेल तर `Exposure` अधिक १ च्या आसपास न्यावं लागतं. उजेड दुप्पट केल्यावर सावलीतला खराखुरा दाणाही दुप्पट होतो आणि चमकेच्या जागा पार पांढऱ्या फुटतात. त्यासाठी तळाच्या लेयरवर आधी एक-दीड पिक्सेलचा `Gaussian Blur` द्यावा लागतो आणि फुटलेल्या जागा मास्कमध्ये हलक्या राखाडी ब्रशने सोडवाव्या लागतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गडद ओठांवर न्यूड लिपस्टिक प्रत्यक्षातही एका हातात पूर्ण बसत नाही, खाली कन्सीलर लागतं. म्हणून अशा वेळी मी दोन नमुने करते: एक ५५ पर्यंत नेलेला, ज्याखाली ‘कन्सीलर लावून’ असं लिहिते, आणि दुसरा ४८-४९ वर थांबवलेला, नुसत्या लिपस्टिकचा. दुसरा नमुना बघून शेड रद्द करणाऱ्या पुष्कळ जणी असतात, आणि ते बरोबरच असतं.

डोळ्यांकडे आलं की एक गोष्ट फिरते. पावडर शॅडोचा थर पातळ असतो आणि खालची कातडी त्यातून दिसत राहते. त्यामुळे ओठांवर बाद केलेला `Multiply` इथे चक्क योग्य ठरतो, निदान गडद मॅट शेडसाठी. त्याचा आणखी एक फायदा आहे. पापणीचे केस आधीच काळे असतात, काळ्याला कशानेही गुणलं तरी काळंच राहतं, त्यामुळे केस एकेक करून वगळायची गरज पडत नाही. `Normal` मोडमध्ये रंग फिरवला की केसांची टोकं तांबूस होतात. चेहरा रंगवलेला आहे हे ओळखायला सगळ्यात आधी मी तिथेच बघते.

उलट डोळ्याचा पांढरा भाग उजळ असल्याने `Multiply` त्याला लगेच रंगवतो. म्हणून उघड्या डोळ्याची आकृती `Paths` ने अचूक आखून वगळायची, खालच्या पापणीची ओली कडही त्यात घ्यायची. शॅडोचा मास्क तयार करताना दोन कडांना दोन नियम आहेत. पापणीच्या केसांलगतची कड जवळजवळ तीक्ष्ण, फेदर २-३ पिक्सेल. भुवईकडची कड मात्र खूप मऊ. डोळा ३०० पिक्सेल रुंद असेल तर ३० ते ४० पिक्सेल फेदर लागतो, आणि रंग भुवईच्या हाडाच्या खालीच विरला पाहिजे. एकाच निवडीत हे होत नाही. आधी सैल आकार आखून ४० पिक्सेल फेदर करायचा, त्याचा मास्क बनवायचा, मग मास्कवर डोळ्याची निवड घेऊन ती ३ पिक्सेल फेदर करून काळ्याने भरायची.

तांबूस तपकिरी रंग `Multiply` मध्ये, अपारदर्शकता ४५. पट्टीवर दाबून लावलेल्या नमुन्यापेक्षा पापणीवरचा रंग फिका दिसेल, तसाच तो दिसायला हवा, कारण ब्रशने तेवढा माल चढत नाही. पापणीच्या घडीत थोडी जास्त गडद शेड हवी असेल तर त्यासाठी वेगळा लेयर, अरुंद मास्क, २० ते २५ टक्के. मास्कवर मोठ्या मऊ ब्रशने, दहा टक्क्यांच्या जोराने, दोन-तीन जागी हलकेच पुसून घ्यायचं. प्रत्यक्षातली शॅडो कधीच एकसारखी बसत नाही, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात दाट आणि आत विरळ असते.

एका डोळ्याचा मास्क उलटवून दुसऱ्यावर ठेवायचा मोह टाळायचा. खिडकी समोर असली तरी उजेड एका बाजूने जरा जास्त येतो, चेहरा किंचित वळलेला असतो, आणि दोन पापण्यांच्या घड्या कुणाच्याच सारख्या नसतात. वेळ वाचतो खरा, पण डाव्या डोळ्यावर शॅडो घडीबाहेर तरंगते.

गव्हाळ किंवा सावळ्या पापणीवर फिकट निळी, फिकट जांभळी अशी शेड बघायची असेल तर `Multiply` मध्ये ती नुसती मळकट होते. तिथे ओठांचीच पद्धत घ्यायची, तळाला `Exposure` थोडं वर, त्यावर `LCh Color`, आणि ग्रुप ३५ ते ४५ टक्क्यांवर. ती राखेसारखी दिसली तर आपल्या पद्धतीला दोष द्यायच्या आधी ती शेड हाताच्या मनगटावर लावून बघावी. बेसशिवाय बऱ्याच फिकट पावडरी तिथेही राखेसारख्याच दिसतात. शिमरचं एवढंच की त्याची चकाकी पापणीच्या फुगीर भागावर, जिथे मुळात उजेड पडतो तिथेच वाढवायची. घडीत चमचम आली की ती शिमर नसून स्टिकर वाटते.

आता तपासणी. सगळ्यात वर एक नवा लेयर, शुद्ध राखाडी, मोड `LCh Color`. रंग निघून जातो आणि फक्त उजेड-सावली उरते. या राखाडी चित्रात ओठ गडद असतील, पण सुरकुत्या, वरच्या ओठाची सावली, खालची गोलाई दिसलीच पाहिजे. सपाट ठिगळ दिसलं तर उजळपणाचा लेयर बिघडलाय, रंगात कितीही खटपट केली तरी ते सुटणार नाही. पापणीवर कड दिसली तर फेदर कमी पडलाय. राखाडीत सगळं ठीक आणि रंगात मात्र खोटं वाटत असेल, तर दोष रंगाच्या लेयरमध्ये: एकतर दाणा नाही, किंवा चमक लालसर राहिली आहे. मग राखाडी लेयर बंद करून खालच्या ओठाचा मधला भाग आणि पट्टीवरची शेड पुन्हा मोजायची. `L` मध्ये तीन-चारचा फरक चालतो, कारण दहा टक्के मूळ ओठ आपणच सोडलेला आहे. दहाचा फरक असेल तर पट्टी हनुवटीच्या सावलीत धरली गेली का ते बघायचं. कोऱ्या कागदाचा `L` एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत गेला असेल तर नेमकं तेच झालेलं असतं, आणि फोटो पुन्हा काढण्याला पर्याय नाही.

बघताना स्क्रीनचा नाइट मोड बंद हवा. तो चालू असला की सगळ्या मरून शेड विटकरी दिसतात आणि दोन जवळच्या शेडमधला फरक नाहीसाच होतो. त्वचेला मात्र हात लावायचा नाही, डाग नाहीत, काळी वर्तुळं नाहीत, काहीही उजळवायचं नाही. शेड ज्या त्वचेशेजारी बसणार आहे तिच्याशेजारीच ती बघायला हवी. बरीच ॲप्स लिपस्टिक लावता लावता अख्खा चेहरा गुपचूप गुळगुळीत करतात, आणि मग कुठलीही शेड छानच दिसते.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. साधा फोटो म्हणून गेला की तो दाबला जातो, ओठांच्या कडेचा रंग आणखी पसरतो, पापणीवरच्या मऊ उताराचे चौकोन होतात. सोबत बिनमेकअपचा मूळ फोटो आणि शेडची पट्टी त्याच मापात कापून द्यायची. समारंभ रात्रीचा आणि हॉलमध्ये पिवळे दिवे असतील तर याच फाइलची एक प्रत `Colors > Color Temperature` ने पिवळट करूनही देता येते. त्यातून अंदाज मिळतो, खात्री नाही. दोन रंग खिडकीच्या उजेडात सारखे दिसून एलईडीखाली वेगळे दिसू शकतात, आणि फोटोत ती माहितीच नसते. म्हणून शेवटी उरलेल्या दोन शेडच्या पट्ट्या हॉलवर नेऊन, स्टेजचे दिवे लावून, तिथेच बघाव्यात.